३ किलोवॅटचं सोलर आणि अ‍ॅपवर २.२, बाकीची वीज जाते कुठे?

प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी म्हटल्यावर नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, सिडको, जिकडे बघाल तिकडे गच्च्यांवर पॅनल दिसायला लागली. आणि पॅनल लागली की पहिल्याच उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. कोटेशनवर ३ किलोवॅट लिहिलंय, ऊन असं की गच्चीवर चप्पल काढून उभं राहता येत नाही, मग भर दुपारी अ‍ॅपवर २.२ किलोवॅटच का दिसतंय? बऱ्याच जणांना वाटतं आपल्याला फसवलं, पॅनल बोगस दिली. काही घरी खरंच गडबड असते पण बहुतेक घरी नसते, आणि यातलं आपलं घर कुठलं हे बऱ्यापैकी घरबसल्या ओळखता येतं. फक्त त्यासाठी नुसते वॅट बघत बसून उपयोग नाही, व्होल्ट म्हणजे विजेचा दाब आणि अँपिअर म्हणजे तिचा प्रवाह, हे दोन आकडे वेगवेगळे बघायला लागतात, दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट. उष्णता व्होल्ट खाते, धूळ अँपिअर खाते, आणि वायरीत किती जातंय ते वायरीच्या दोन टोकांना व्होल्ट मोजले की कळतं.

## पॅनलवर लिहिलेला आकडा येतो कुठून

पाथर्डी फाट्याजवळच्या एका बंगल्याचं उदाहरण धरून चालू, कारण तिथले सगळे आकडे समोर आहेत आणि ही सिस्टीम नाशिकमध्ये अगदी कॉमन आहे. ५४० वॅटची ६ पॅनल, एकामागे एक जोडलेली, म्हणजे एकूण ३२४० वॅट. पॅनल लोखंडी स्ट्रक्चरवर, दक्षिणेकडे साधारण १५ डिग्री कललेली, पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा इन्व्हर्टर जिन्याच्या खोलीत आणि मीटर खाली गेटजवळ. एप्रिलमधला स्वच्छ दिवस, दुपारचे साडेबारा, हवा ३८ डिग्री. आणि मीटरपर्यंत पोचत होते जेमतेम २१७० वॅट. घरातले काका वैतागलेले होते, "अहो भाऊ, हजार वॅट कमी म्हणजे दोन पॅनल बंदच आहेत ना मग?" हिशोब चुकीचा नाही त्यांचा, १०७० वॅट म्हणजे खरंच दोन पॅनलएवढे होतात.

आता पॅनल उलटं करून मागचं स्टिकर बघितलं तर त्यावर ५४० वॅट लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात STC असं लिहिलंय. हे टेस्टिंगच्या ठरलेल्या परिस्थितीचं नाव आहे. दर चौरस मीटरवर १००० वॅटचा प्रकाश आणि पॅनलच्या आतल्या सेलचं तापमान २५ डिग्री. हवेचं नाही बरं का, सेलचं. फॅक्टरीत प्रत्येक पॅनल एका मशीनखाली जातं, काही मिलिसेकंदांचा लखलखीत फ्लॅश पडतो, तेवढ्यात मोजमाप होतं आणि जो आकडा येतो त्यावरून स्टिकर ठरतं. फ्लॅश इतका छोटा असतो की पॅनलला तापायला वेळच मिळत नाही. आपल्या गच्चीवरचं पॅनल मात्र सकाळपासून उन्हात बसलेलं असतं.

हा आकडा खोटा नाही, जगभर सगळ्या कंपन्यांची पॅनल याच अटींवर मोजतात, म्हणून तर एकाची दुसऱ्याशी तुलना करता येते. पण तो गच्चीवरच्या विजेचं वचन नाही. १००० वॅटच्या उन्हात पॅनल हवेपेक्षा साधारण ३१ डिग्रीने गरम होतं, म्हणजे त्या उन्हात सेल २५ वर ठेवायचा तर हवा उणे ६ लागेल. आपल्याकडे निफाडला थंडीत पारा कितीही खाली गेला तरी तो पहाटे जातो, तेव्हा ऊनच नसतं.

## आधी ऊनच पूर्ण नसतं

त्या दिवशी पॅनलवर पडणारं ऊन ९०० वॅटच्या आसपास होतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे आकाश निळं दिसलं तरी हवेत धूर-धूळ असते, त्यात १० टक्के सहज जातात. ही काही सिस्टीमची गळती नाही, मालच कमी आला. ३२४० चे २९१६ झाले आणि पुढचा सगळा हिशोब इथून सुरू होतो.

## उष्णता : व्होल्ट खाली येतात

लोकांना सगळ्यात जास्त हेच पटत नाही, कारण सोलर म्हटलं की ऊन आणि ऊन म्हटलं की गर्मी असं डोक्यात बसलेलं असतं. पॅनलला प्रकाश हवा असतो, गर्मी नको असते. आलेल्या उन्हातला पाचवा हिस्सा वगैरे विजेत जातो आणि उरलेल्यातला बहुतेक भाग पॅनललाच तापवतो.

किती तापवतो याचा अंदाज सोपा आहे. डेटाशीटवर NOCT म्हणून एक आकडा असतो, बहुतेक पॅनलचा ४५ डिग्री. हवा २० डिग्री, ऊन ८०० वॅट आणि मंद वारा असताना सेल किती तापतो ते तो सांगतो. म्हणजे ८०० वॅटला २५ डिग्री वाढ, म्हणजे दर १०० वॅट उन्हामागे सेल हवेपेक्षा साधारण ३ डिग्री जास्त. आपल्या उदाहरणात ९०० वॅटला २८ डिग्री, वर हवेचे ३८, म्हणून सेल ६६ डिग्रीवर. टेस्टिंगच्या २५ पेक्षा ४१ डिग्री जास्त.

सिलिकॉनचा सेल गरम झाला की त्याचा दाब, म्हणजे व्होल्ट, उतरतो. एका सेलचे एका डिग्रीला जेमतेम २ मिलिव्होल्ट, ऐकून वाटतं काय मोठंसं. पण या पॅनलमध्ये ७२ सेलच्या हिशोबाने व्होल्ट बनतात (अर्धे कापलेले १४४ दिसतात, पण दोन-दोन समांतर असल्यामुळे व्होल्ट ७२ चेच), ६ पॅनलचे झाले ४३२ सेल, सगळे एकामागे एक. म्हणजे एका डिग्रीला जवळजवळ ०.८६ व्होल्ट आणि ४१ डिग्रीला ३५ व्होल्ट. स्टिकरवर एका पॅनलचे चालू व्होल्ट, ज्याला Vmp लिहितात, ४१.५ आहेत, सहाचे २४९. त्यातून ३५ गेले की राहिले २१४ च्या आसपास. अँपिअर मात्र गर्मीने जवळपास हलत नाहीत, उलट चिमूटभर वाढतात.

वॅटमध्ये सांगायचं तर मोनो पर्क प्रकारच्या पॅनलची पॉवर दर डिग्रीला साधारण ०.३५ टक्के कमी होते, ४१ डिग्रीला १४ टक्क्यांच्या थोडं वर. २९१६ चे झाले २५०० च्या आत. धूळ नाही, वायर नाही, काही नाही, फक्त गर्मीने ४०० वर वॅट गेले. टॉपकॉन या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलला हा आकडा ०.३० च्या आसपास असतो, म्हणून नवीन घेणाऱ्याने डेटाशीटवर ही एक ओळ नक्की बघावी, नाशिकसारख्या ठिकाणी तिचा फरक रोज दिसतो.

इथे आपल्या हातात काय आहे? पॅनलच्या खालून हवा खेळली पाहिजे, बस. उंच स्ट्रक्चरवर खालून वारा जातो म्हणून वरचा हिशोब लागू पडतो. तेच पॅनल पत्र्याच्या शेडला चिकटवून लावलं, जसं अंबड-सातपूरला बऱ्याच शेडवर दिसतं, की मागची गर्मी निघायला जागाच नाही आणि सेल आणखी ५-१० डिग्री वर जातो. पत्र्यावर लावायचंच असेल तर मध्ये वीतभर तरी फट ठेवायला सांगा. आणि पॅनलखालच्या सावलीत जुनी गादी, पाण्याच्या टाक्या, भंगार असं रचून ठेवू नका, ही सवय आपल्याकडे फार आहे.

## मग पाणी मारून पॅनल थंड केलं तर?

हे बरेच जण करतात, आणि पाणी पडल्यावर अ‍ॅपवर आकडा वर जाताना दिसतो म्हणून खूशही होतात. तो खरंच जातो, पण ५-१० मिनिटांत परत खाली, कारण ऊन काही थांबलेलं नसतं. बदल्यात ६०-६५ डिग्री तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी पडून काचेला झटका बसतो, आणि बोअरचं पाणी असेल तर ते काचेवरच सुकून पांढरा थर सोडतं, जो नंतर साध्या पाण्याने निघत नाही. चार युनिट वाचवायला जाऊन कायमचा डाग. गर्मीचे १४ टक्के धरूनच चाला, ते परत मिळवायच्या मागे लागू नका.

## धूळ : अँपिअर खाली येतात

धुळीचं काम गर्मीपेक्षा सरळ आहे. काचेवर थर बसला की आत प्रकाश कमी जातो, आणि सेलमधून निघणारे अँपिअर थेट प्रकाशाच्या प्रमाणात असतात. ६ टक्के प्रकाश अडला तर ६ टक्के अँपिअर कमी. व्होल्टला फारसा धक्का लागत नाही. म्हणून दुपारी व्होल्ट ठरल्यासारखे आहेत पण अँपिअर कमी आहेत असं दिसलं की आधी गच्चीवर जाऊन काचेवर बोट फिरवायचं.

नाशिकला धूळ कधी त्रास देते याचं एक वेळापत्रकच आहे. जून ते सप्टेंबर पाऊस काम करतो, पॅनल लखलखीत. पाऊस संपला की नोव्हेंबरपासून पहाटे दव पडतं, धूळ त्यात भिजते, दिवसा सुकते, दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि महिनाभरात ती काचेवर पक्की चिकटते, फुंकरीने किंवा वाऱ्याने जात नाही. फेब्रुवारी ते मे पाऊस जवळपास नाही, रस्त्यांची खोदाई, बांधकामं, त्यात २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर कामं चाललीत. ज्यांचं घर अशा रस्त्याला लागून आहे त्यांच्याकडे पंधरा दिवसांतच काच मळकट होते आणि दोन गल्ल्या आत असलेल्यांकडे दोन महिने काही वाटत नाही, त्यामुळे "किती दिवसांनी धुवायचं" याला सगळ्यांसाठी एक उत्तर नाहीच.

पाथर्डीच्या पॅनलवर सगळीकडे सारखा पातळ थर होता, त्याचे साधारण ६ टक्के. पण मला जास्त खटकली ती खालची कड. १५ डिग्रीच उतार असल्याने अवकाळीच्या दोन सरींनी वरची धूळ खाली वाहून आली आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची जी बारीक उभी धार असते तिथे अडकून चिखलाची बोटभर रुंद पट्टी बसली, वाळून मातीच्या भेंडासारखी कडक. अजून ती सेलपर्यंत पोचली नव्हती, फ्रेम आणि पहिला सेल यात थोडी जागा असते. पण अजून एक-दोन सरी आल्या असत्या तर खालच्या ओळीतले सगळे सेल एकदम झाकले गेले असते. वरचा पातळ थर दिसायला वाईट असतो पण नुकसान मोजकं करतो, ही कडेची पट्टी मात्र लक्षात न येता खूप खाते.

असं का, हे समजायला त्र्यंबकेश्वरची दर्शनरांग डोळ्यांसमोर आणा. रांग एकच आहे, पुढे-मागे जायला जागा नाही, मग मध्ये एक जण हळू चालला तर त्याच्या मागची अख्खी रांग त्याच्याच चालीने चालते. एकामागे एक जोडलेल्या सेलचं तसंच, सगळ्यांतून एकच करंट जातो आणि सगळ्यात कमी उजेड मिळालेला सेल तो अडवतो. कबुतराची विष्ठा एका सेलवर जाड पडली तर तो एकच सेल सगळ्यांना रोखतो, वर बाकीच्यांची वीज त्या सेलमध्येच उष्णता होऊन जिरते आणि तो जागीच भाजत राहतो, यालाच हॉट स्पॉट म्हणतात. यावर उपाय म्हणून पॅनलच्या मागच्या डब्यात तीन बायपास डायोड असतात. रांगेत अडलेल्या टप्प्याला वगळून बाजूचं गेट उघडावं तसा डायोड पॅनलचा तो तिसरा हिस्सा वगळतो, बाकी सगळे नीट चालतात, पण त्या हिश्शाचे १२ ते १४ व्होल्ट जातात.

याचा फायदा म्हणजे ओळखता येतं. पातळ धूळ फक्त अँपिअर कमी करते. जाड डाग किंवा सावली असेल तर व्होल्ट १२-१४ च्या पायरीने खाली आलेले दिसतात. टीव्हीची छत्री, शेजारच्या टाकीची सावली, वाळत घातलेली चादर, सगळ्याची खूण हीच.

धुवायचं तर सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी, काच गार असताना, इन्व्हर्टर बंद करून. महापालिकेचं किंवा फिल्टरचं पाणी, मऊ ब्रश किंवा लांब दांड्याचा वायपर. साबण-पावडर नको, तारेची घासणी तर नाहीच. पॅनलवर पाय ठेवू नका, काच फुटली नाही तरी आतल्या सेलला बारीक तडे जातात, ते दिसत नाहीत. कडेच्या पट्टीवर आधी पाणी टाकून दहा मिनिटं मुरू द्या, मग ती आपोआप सुटते.

## त्या दिवशी स्क्रीनवर काय होतं

बहुतेक इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर किंवा अ‍ॅपच्या आतल्या पानावर `Vpv` आणि `Ipv` असे दोन आकडे असतात, म्हणजे पॅनलकडून आलेले व्होल्ट आणि अँपिअर. पाथर्डीला होते २१० व्होल्ट आणि १०.८ अँपिअर. स्टिकरप्रमाणे हवे २४९ आणि १३.

आता एक-एक सोडवू. २४९ मधून गर्मीचे ३५ गेले, छतावरच्या वायरीत आणि जोडांमध्ये दोन-तीन गेले, राहिले २११-२१२. म्हणजे व्होल्ट बरोबर आहेत, एकही पॅनल बंद नाही. एक पॅनल बंद असतं तर आकडा १७५ च्या आसपास असता. काकांची शंका इथेच मिटली. अँपिअरचं बघू. १३ चे १० टक्के कमी उन्हामुळे गेले, ११.७ राहिले. धुळीचे ६ टक्के गेले, ११. सहा पॅनल अगदी एकसारखी नसतात आणि नवीन पॅनल पहिल्या वर्षी थोडं उतरतं, त्यात दोनेक टक्के, १०.८. हेही बरोबर. पुढच्या दिवशी सकाळी पॅनल धुतली, आणि त्याच वेळेला तसंच ऊन असताना अँपिअर ११.४ आणि व्होल्ट होते तिथेच. १२० ते १२५ वॅट परत आले. दिवसाला पाऊण युनिटच्या आसपास, महिन्याला वीस-बावीस युनिट, पाण्याच्या चार बादल्यांत.

## वायर : टक्के कमी, त्रास जास्त

पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत डीसी वायर, तिथून मीटरपर्यंत एसी वायर. वायरीत जाणारी वीज अँपिअरच्या वर्गाने वाढते, अँपिअर दुप्पट तर नुकसान चौपट. म्हणून वायरीचा त्रास सकाळी-संध्याकाळी दिसत नाही, भर दुपारीच दिसतो.

डीसी बाजूला ४ स्क्वेअर एमएमची सोलर केबल असेल आणि अंतर २० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४०, तर रेझिस्टन्स ०.२ ओहम. ११ अँपिअरला २४ वॅट, एक टक्का. चालतं. इथे बघायचं ते वायरीपेक्षा जोड. पॅनल जोडणारे काळे एमसी४ कनेक्टर वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसवले किंवा पक्कड लावून चेपले, क्रिंपिंग टूल वापरलं नाही, तर जोड सैल राहतो. त्यात नुसता ०.१ ओहम वाढला तरी ११ अँपिअरला १२ वॅटची उष्णता अंगठ्याएवढ्या प्लास्टिकमध्ये, दिवसभर. वॅट फार जात नाहीत, पण कनेक्टर वितळतो आणि आग लागू शकते. प्लास्टिक तपकिरी झालंय, वास येतोय, असं दिसलं तर हात लावू नका. आणि चालू असताना एमसी४ कधीच ओढू नका, डीसीची ठिणगी तुटत नाही, ती ताणली जाते. आधी इन्व्हर्टरचा एसी ब्रेकर, मग डीसी आयसोलेटर बंद, आणि पुढचं काम वायरमनचं.

एसी बाजूची गोष्ट वेगळी आणि आपल्या कॉलन्यांमध्ये ती फार जागी दिसते. पाथर्डीला इन्व्हर्टर ते मीटर २५ मीटर, आणि फिटिंगवाल्याने २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढली होती. जाऊन-येऊन ५० मीटरचा रेझिस्टन्स पाईपमधली गर्मी धरून ०.४ ओहम. दुपारी साडेनऊ अँपिअर जात होते, म्हणजे जवळजवळ ४ व्होल्ट वायरीतच आणि ३५ वॅट गेले. इन्व्हर्टर स्वतःचे ३ टक्के घेतो. असे करत मीटरवर २१७० आले, हिशोब पूर्ण जुळला.

३५ वॅट ऐकून कोणी म्हणेल सोडा हो. पण ते ४ व्होल्ट सोडण्यासारखे नाहीत. इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची तर त्याला लाइनपेक्षा वरच्या व्होल्टेजवर जावं लागतं, आणि वायर जितकी बारीक तितकं जास्त वर. आता भर दुपारी कॉलनीत लोक ऑफिसला, लोड कमी, आणि दहा गच्च्यांवरून वीज लाइनमध्ये येतेय, त्यामुळे लाइनचं व्होल्टेज आधीच २४८-२५० ला पोचलेलं. वर आपल्या वायरीचे ४-५. प्रत्येक इन्व्हर्टरमध्ये एक वरची मर्यादा सेट केलेली असते, ती ओलांडली की तो सुरक्षेसाठी लाइनपासून सुटतो, थोडा वेळ थांबतो, परत जोडतो, परत सुटतो. वायरीचं थेट नुकसान दीड टक्का, पण या सुटण्यात दुपारचे सगळ्यात भारी दोन तास अर्धेमुर्धे वाया जातात.

ओळखायला सोपं आहे. अ‍ॅपवर दिवसाचा ग्राफ उघडा. गर्मी आणि धुळीने ग्राफ नुसता बुटका होतो, आकार टोपीसारखा गोल राहतो. व्होल्टेजच्या त्रासात दुपारी १२ ते २ मध्ये करवतीच्या दात्यांसारखे खाली शून्यापर्यंत जाणारे काप दिसतात आणि आकाश स्वच्छ असतं. ढगांनीही काप पडतात पण ते शून्याला टेकत नाहीत. मग वायरमनला बोलवून दुपारी एकाच वेळी दोन जागी एसी व्होल्ट मोजायला सांगा, इन्व्हर्टरच्या टोकाला आणि मीटरच्या डब्यात. इन्व्हर्टरला २५४ आणि मीटरला २५० आले तर ४ व्होल्ट आपल्या वायरीचे, ६ स्क्वेअर एमएमची वायर टाकली की ते दीड-दोनवर येतात. दोन्हीकडे २५४-२५५ आले तर वायर बदलून काही होणार नाही, लाइनच वर आहे, मग महावितरणकडे व्होल्टेजची तक्रार करायची, सोबत दुपारचे मीटरवरचे आकडे वेळेसकट द्यायचे.

## "२५ वर्षांची गॅरंटी दिलीय ना?"

दिलीय, पण ती गॅरंटी त्याच टेस्टिंगच्या अटींवर आहे, २५ डिग्री आणि १००० वॅट. २५ वर्षांनी पॅनल काढून त्या मशीनखाली ठेवलं तर ८० टक्क्यांच्या वर दाखवेल असं ते म्हणणं आहे. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर ६७ टक्के दिसले म्हणून क्लेम लागत नाही.

## "मग १ किलोवॅटला रोज ४ युनिट म्हणतात ते खोटं का?"

नाही, उलट तो आकडा जास्त कामाचा आहे. वर्षाच्या सरासरीचा आहे आणि गर्मी, धूळ, वायर, इन्व्हर्टर सगळं वजा करून आलेला आहे. ३.२४ किलोवॅटला रोजचे १३ युनिट. मार्च ते मे त्याच्या वर, पावसाळ्यात बरंच खाली, आषाढात गच्च ढगाचा दिवस असेल तर ४-५ वरही येतं. उन्हाळ्यात गर्मीने दुपारचा आकडा कापला जातो पण दिवस मोठा आणि आकाश मोकळं, म्हणून दिवसाचे युनिट तरीही चांगले पडतात. त्यामुळे दुपारच्या वॅटची स्टिकरशी तुलना करण्यापेक्षा महिन्याचे युनिट गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावून बघा. एप्रिलची डिसेंबरशी तुलना केली तर काहीच कळणार नाही.

## गर्मीचं कारण कधी चालत नाही

तक्रार केली की इन्स्टॉलरकडून पहिलं उत्तर येतं "उन्हाळा आहे हो, होतं असं". वर बघितलं तसं ते बऱ्याचदा खरं असतं. पण याची परीक्षा सकाळी करता येते. एप्रिलमध्ये सकाळी साडेआठला पॅनल अजून तापलेली नसतात, सेल ४५ च्या खाली असतो. तेव्हा आपल्या ६ पॅनलच्या सिस्टीमचे `Vpv` २३० च्या आसपास दिसायला हवेत, ऊन कमी असलं तरी, कारण ऊन कमी झालं की अँपिअर पडतात, व्होल्ट फारसे पडत नाहीत. आणि त्या वेळी कुठली सावली पॅनलवर नाही हे मात्र आधी बघून घ्या.

सकाळी २३० आणि दुपारी २१० असेल तर तो गर्मीचा खेळ आहे, सोडून द्या. सकाळीच २१८ असेल आणि दुपारी २०० च्या खाली, तर कुठल्यातरी पॅनलचा तिसरा हिस्सा बाहेर आहे, डाग शोधा, डाग नसेल तर डायोड गेलाय. सकाळी १९० असेल तर एक अख्खं पॅनल व्होल्ट देत नाहीये. या दोन्हीत "उन्हाळा आहे" हे उत्तर ऐकून घेऊ नका. सकाळी साडेआठचा आणि दुपारी साडेबाराचा, दोन्ही वेळचे स्क्रीनचे फोटो आणि पॅनलच्या स्टिकरचा फोटो असे तीन फोटो इन्स्टॉलरला पाठवा आणि सांगा की सकाळचे व्होल्ट का कमी आहेत तेवढं येऊन दाखवा. मल्टीमीटर घेऊन एक-एक पॅनल तपासायला त्याला अर्धा-पाऊण तास पुरतो.